ग्रुप फोटो निवडताना: एकाचे डोळे मिटलेले, दुसऱ्याची मान वळलेली, तिसरा कुणाच्या तरी मागे

घरात कार्य झालंय. फोटोग्राफरनं सगळ्या कुटुंबाचे एकाच जागी, पाठोपाठ आठ-दहा फोटो काढलेत आणि अल्बमसाठी किंवा भिंतीवरच्या फ्रेमसाठी त्यातला एकच निवडायचा आहे. पहिल्यात काकूंचे डोळे मिटलेत. दुसऱ्यात काकू छान आल्यात, पण मागच्या रांगेतल्या नातीचा अर्धा चेहरा फेट्यामागे गेलाय. तिसऱ्यात नात दिसते, तर आजोबा मांडीवरच्या पणतूकडे बघतायत. तासभर मागे-पुढे करून शेवटी कुणीतरी कंटाळून म्हणतं, "घ्या हाच, यात निदान सगळ्यांचे डोळे तरी उघडे आहेत." फ्रेम भिंतीवर लागल्यावर लक्षात येतं की एक माणूस फोटोत जवळजवळ नाहीच.

हे पुन्हा पुन्हा होतं, आणि माझ्या मते त्याचं मुख्य कारण निवडीच्या क्रमात आहे. मिटलेले डोळे चटकन नजरेत भरतात, म्हणून आपण तेच आधी शोधतो आणि ते फोटो बाजूला टाकतो. पण तिन्ही दोषांत मिटलेले डोळे हा दुरुस्त करायला सगळ्यात सोपा दोष आहे. नजर भलतीकडे असणं कधी चालतं, कधी चालत नाही. झाकलेला चेहरा मात्र जवळजवळ कधीच नीट भरून काढता येत नाही, कारण त्याच्यावर दुसऱ्या माणसाचं डोकं किंवा खांदा आलेला असतो आणि एकाला बाहेर काढायचं तर दुसऱ्यालाही हलवावं लागतं. म्हणून क्रम उलटा धरायचा: आधी कोण झाकलं गेलंय ते बघायचं, मग फोटो स्पष्ट आहे का, मग नजर, आणि डोळे सगळ्यात शेवटी.

सुरुवात करण्याआधी: मूळ फाइल मागवा

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंवरून निवड करू नका. यामागे साधा हिशेब आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. उभ्या रांगेत दहा-अकरा माणसं असतील तर एकाच्या वाट्याला रुंदीत साडेचारशेच्या आसपास पिक्सेल येतात. त्यातला चेहरा दीडशेच्या घरात आणि उघड्या डोळ्याची उंची जेमतेम दहा पिक्सेल. हाच फोटो व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात पाठवला की त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. तिथे डोळ्याची उंची दोन-तीन पिक्सेल उरते. एवढ्यात डोळा मिटलाय, अर्धवट उघडा आहे, की माणूस खाली बघतोय, हे कुणालाच सांगता येणार नाही. बारा बाय अठरा इंचांच्या प्रिंटवर मात्र ते स्पष्ट दिसतं. म्हणून फोटोग्राफरकडून मूळ फाइली पेनड्राइव्हवर किंवा लिंकवरून घ्या. व्हॉट्सॲपवरूनच मागवायच्या असतील तर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फाइल आहे तशी येते.

दुसरं, फोटोग्राफरला सांगा की त्या जागचे सगळे फोटो हवेत, खराब वाटले तेसुद्धा. बरेच फोटोग्राफर आपणच चार निवडून देतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यांना तुमच्या घरातली माणसं ठाऊक नसतात. आत्याबाईंचा डोळा मुळातच बारीक आहे हे त्यांना कळत नाही आणि चांगली फ्रेम बाद होते. शिवाय बाद झालेल्या फ्रेमचा पुढे फार उपयोग होतो. तो कसा, ते खाली येईलच. तोवर एकही फाइल डिलीट करू नका.

बघण्याची पद्धतही बदलायला हवी. आपण एक अख्खा फोटो बघतो, मग दुसरा अख्खा फोटो बघतो. वीस-पंचवीस चेहरे एका नजरेत मावत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी काहीतरी सुटतं. त्याऐवजी एक माणूस धरा आणि तोच चेहरा सगळ्या फ्रेममधून बघत जा. मग पुढचा माणूस. विंडोजवर FastStone Image Viewer हे घरगुती वापरासाठी मोफत असलेलं सॉफ्टवेअर चार फोटो शेजारी-शेजारी ठेवून एकदमच झूम करतं. Lightroom Classic असेल तर फोटो निवडून `C` दाबलं की दोन फोटोंची तुलना आणि `N` दाबलं की निवडलेले सगळे एकत्र दिसतात. मोबाइलवर काम करायचं असेल तर प्रत्येक फोटो मोठा करून डाव्या टोकापासून उजवीकडे सरकत जा, प्रत्येक रांग वेगळी.

सोबत कागद घ्या. आडव्या ओळींत फोटोंचे नंबर आणि उभ्या रकान्यांत फक्त अडचणीची माणसं. ज्यांचा चेहरा सगळीकडे ठीक आहे त्यांना कागदावर घ्यायचंच नाही. पंचवीस जणांच्या ग्रुपमध्येही हा कागद पाच-सहा रकान्यांपलीकडे सहसा जात नाही, आणि काम एकदम आटोक्यात येतं.

पहिली चाळणी: कोण झाकलं गेलंय

माणूस किती झाकला गेला तर फोटो बाद धरायचा? हनुवटी किंवा एक कान कुणाच्या खांद्यामागे गेला तर चालतं. कपाळाचा वरचा भाग कापला गेला तरी ओळख पटते. पण एक डोळा झाकला गेला किंवा तोंड झाकलं गेलं की चेहरा वाचता येत नाही, आणि ती फ्रेम मुख्य फोटो म्हणून बाद. ही मर्यादा मी कडक ठेवतो, कारण अल्बम चाळताना प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो आणि ज्याला आपला अर्धाच चेहरा सापडतो त्याला ते लागतं. मोठी माणसं बोलून दाखवत नाहीत एवढंच.

आपल्याकडच्या कार्यात झाकले जाण्याची ठरावीक कारणं असतात. फेटा आणि त्याचा तुरा हे पहिलं. फेटा बांधलेल्या माणसाची उंची बरीच वाढते आणि तुरा तर एका बाजूला पसरतो. तो माणूस मधल्या रांगेत असला की त्याच्या मागचा चेहरा जातो. दुसरं कारण कडेवरचं बाळ. ते दर फ्रेममध्ये हलतं आणि कधी आईचा, कधी शेजारच्याचा चेहरा झाकतं. तिसरं, मागच्या रांगेतली बुटकी व्यक्ती, जी टाचा उंचावून दोन फोटोंपुरती दिसते आणि मग दमून खाली टेकते. ही तिन्ही कारणं हलणारी आहेत. म्हणजे एका फ्रेममध्ये झाकलेला माणूस पुढच्या फ्रेममध्ये दिसण्याची शक्यता बरीच असते. सगळ्या फ्रेममध्ये तोच माणूस तसाच झाकलेला असेल, तर तो उभाच चुकीच्या जागी होता, आणि त्याच्यासाठी वेगळा उपाय लागतो.

तो उपाय असा. फोटोग्राफरच्या आजूबाजूला उभं राहून ज्या नातेवाइकांनी मोबाइलवर तोच ग्रुप टिपला, त्यांचे फोटो मागवा. कॅमेरा दोन-तीन फूट बाजूला किंवा थोडा उंच असला की कोण कुणामागे जातं हे सगळं बदलतं. खुर्चीवर चढून काढलेला मामांचा मोबाइल फोटो या बाबतीत फोटोग्राफरच्या फोटोपेक्षा सरस निघू शकतो. त्यात रंग तितके चांगले नसतील, पण सगळे दिसत असतील तर तो मुख्य फोटो म्हणून घ्यायला हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: दोन वेगळ्या जागांवरून काढलेले फोटो एकमेकांत जोडता येत नाहीत. कोन जुळत नाही आणि जोड उघड दिसतो.

दुसरी चाळणी: स्पष्टता

इथे फार वेळ लागत नाही. फोटो शंभर टक्के मोठा करून पुढच्या रांगेतले एक आणि मागच्या रांगेतले एक अशा दोघांच्या पापण्या बघा. पुढचे स्पष्ट आणि मागचे किंचित मऊ असतील तर चालेल. पण चेहरे मऊ आणि मागच्या भिंतीवरचं तोरण मात्र रेखीव असेल, तर फोकस भिंतीवर गेलाय. सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं असेल तर कॅमेरा हललाय. अशी फ्रेम मोठ्या प्रिंटसाठी सोडून द्या.

तिसरी चाळणी: कोण कुठे बघतंय

ग्रुप फोटोत नजरा फुटतात त्या बहुतेक वेळा दुसऱ्या कॅमेऱ्यामुळे. फोटोग्राफर "इकडे बघा" म्हणतो आणि त्याच्या डावीकडे उभे असलेले मामा मोबाइल उंचावून "इकडे पण, इकडे पण" म्हणतात. अर्धे तिकडे बघतात. हे ओळखायला बुबुळं बघा: चेहरा समोर असूनही डोळ्यातला पांढरा भाग एकाच बाजूला जास्त दिसत असेल, तर नजर दुसरीकडे आहे.

पण नजर भलतीकडे असलेला प्रत्येक फोटो वाईट नसतो. मी एक भेद करतो. माणूस फोटोतल्याच कुणाकडे बघत असेल, म्हणजे आजी नातवाकडे, बाळ आईकडे, तर ते खटकत नाही. पुष्कळदा तोच फोटोतला सगळ्यात जिवंत भाग असतो. माणूस फोटोच्या बाहेर बघत असेल तर मात्र बघणाऱ्याची नजरही त्याच्यामागोमाग बाहेर जाते. दोन-तीन जण एकाच दिशेला बाहेर बघत असतील तर आणखी वाईट, कारण मग तिकडे काय घडलं असा प्रश्नच पडतो. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांना या नियमातून सूट द्या. त्यांची नजर जुळेपर्यंत थांबलात तर मोठ्यांचे चेहरे विझतात.

ज्यांच्यासाठी कार्य आहे त्यांना मात्र सूट नाही. मुंजीत बटू, लग्नात नवरा-नवरी, सहस्रचंद्रदर्शनात आजोबा-आजी. त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नसेल तर बाकी वीस जण नीट असूनही फोटो हुकल्यासारखा वाटतो.

शेवटची चाळणी: डोळे

मिटलेला डोळा म्हणून फोटो बाजूला ठेवण्याआधी तो खरंच मिटलाय का ते ठरवा. इथे चार वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात. पूर्ण मिटलेल्या डोळ्यात वरची पापणी खालपर्यंत येते आणि पापणीचे केस गालाच्या दिशेला दिसतात. खाली बघणाऱ्या माणसाची पापणीही तशीच उतरलेली असते, पण त्याची मान थोडी झुकलेली असते आणि डोळ्यात खाली बारीक फट दिसते. हसताना बारीक झालेल्या डोळ्यात गाल वर चढलेले असतात आणि खालची पापणी वर ढकललेली असते. तो दोष नाही, ते हसू आहे. चौथा प्रकार वयाचा. सत्तरीपुढे अनेकांची वरची पापणी कायमची थोडी उतरलेली असते. असा चेहरा सगळ्या फ्रेममध्ये सारखाच दिसेल. तोच डोळा नवाच्या नऊ फोटोंत तसाच असेल तर त्या माणसाचा डोळाच तसा आहे, आणि त्यापायी एकही फ्रेम बाद करायची नाही.

सगळ्यात फसवी असते ती अर्धी मिटलेली पापणी, जिच्यात बुबुळाचा वरचा अर्धा भाग झाकलेला असतो. लहान आकारात ती कळत नाही आणि मोठ्या प्रिंटवर माणूस पेंगुळलेला दिसतो. पूर्ण मिटलेला डोळा निदान एक क्षण म्हणून मान्य होतो. अर्धा मिटलेला डोळा चेहऱ्याचा भावच बदलतो. म्हणून दोन फ्रेममध्ये निवडायचं झालं तर मी अर्ध्या पापणीची फ्रेम आधी सोडेन.

एक उदाहरण, पूर्ण सोडवून

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा ग्रुप धरू. चोवीस माणसं, नऊ फ्रेम. मध्ये खुर्च्यांवर आजोबा-आजी आणि दोन्ही आत्या, खाली सतरंजीवर मुलं, मागे उभ्या दोन रांगा. थोरल्या काकांनी फेटा बांधलाय आणि त्यांच्या मागे एक नात उभी आहे.

घरच्यांची पहिली पसंती चौथ्या फ्रेमला होती, कारण तिच्यात सगळ्यांचे डोळे उघडे आहेत. तिसऱ्या आणि आठव्या फ्रेमचंही तसंच. पण चौथीत आणि आठवीत नातीचा एक डोळा आणि अर्धं तोंड तुऱ्यामागे आहे. पहिल्या दोन फ्रेममध्ये तर लोक अजून जागा घेतायत आणि धाकट्या जावयांचा निम्मा चेहरा दिसत नाही. झाकलेपणाची चाळणी लावल्यावर १, २, ४ आणि ८ बाहेर. सातवी मऊ आहे, तोरण रेखीव आणि चेहरे पुसट, म्हणून तीही गेली.

उरल्या ३, ५, ६ आणि ९. तिसरीत सगळ्यांचे डोळे उघडे असले तरी आजोबा खाली पणतूकडे बघतायत. नजर फोटोच्या आतच आहे, पण कार्य त्यांचं आहे आणि त्यांचा चेहरा इतका झुकलाय की लांबून डोळे मिटल्यासारखेच वाटतात. हा फोटो अल्बमच्या आतल्या पानासाठी फार सुंदर आहे, भिंतीवरच्या मुख्य फोटोसाठी नाही. सहावीत आजींची पापणी अर्धी उतरलीय आणि उजवीकडचे तिघं मामांच्या मोबाइलकडे बघतायत. म्हणजे लढत ५ आणि ९ मध्ये.

पाचवीत काकूंचे आणि एका पुतण्याचे डोळे मिटलेत, शिवाय एक मुलगा फोटोबाहेर बघतोय. नववी फ्रेम "झालं" म्हटल्यावर लगेच टिपलेली दिसते: खांदे सैल झालेत, सगळे मोकळे हसतायत, आजोबा-आजी दोघंही थेट कॅमेऱ्याकडे. दोष दोन. धाकट्या आत्यांचे डोळे मिटलेत आणि सतरंजीवरच्या एका चिमुरड्याची मान शेजारच्या भावाकडे वळलीय. चिमुरड्याला सूट आहे. राहता राहिला आत्यांचा डोळा, आणि तो दुरुस्त होतो. निवड नववीची.

डोळा दुरुस्त करायचा तर

आत्यांचा उघड्या डोळ्यांचा चेहरा कुठल्या फ्रेममधून घ्यायचा? वेळेनं सगळ्यात जवळची फ्रेम बघा, इथे आठवी. ती नातीमुळे बाद झाली होती, पण तिच्यात आत्या हसतायत, डोळे उघडे आहेत आणि मान जवळजवळ त्याच जागी आहे. सगळ्या फाइली ठेवायला सांगितलं ते यासाठी.

फक्त डोळे कापून चिकटवू नका. हसताना गाल वर जातात, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात, खालची पापणी उचलली जाते. गंभीर चेहऱ्याचे डोळे हसऱ्या गालांवर बसवले की माणूस दचकल्यासारखा दिसतो, आणि बघणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता आलं नाही तरी खटकतं. अख्खं डोकं घ्या, केसांपासून गळ्यापर्यंत, आणि जोड केसांच्या कडेवर किंवा पदराच्या काठावर येऊ द्या, तिथे तो लपतो.

Photoshop मध्ये `File > Scripts > Load Files into Stack` उघडून दोन्ही फ्रेम घ्या आणि `Attempt to Automatically Align Source Images` वर खूण करा. कॅमेरा हातात धरून काढलेल्या फोटोंत फ्रेम थोडी सरकलेली असते, ती यानं जुळते. नववी फ्रेम खाली आणि आठवी वर ठेवा. वरच्या लेयरला `Layer > Layer Mask > Hide All` करा, म्हणजे ती पूर्ण लपेल. आता मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशनं आत्यांच्या डोक्यावरून फिरवा. तेवढाच भाग वर येतो. जास्त आला तर काळ्या ब्रशनं मागे न्या. मोफत हवं असेल तर GIMP मध्ये `File > Open as Layers` नं दोन्ही फाइली उघडा, वरचा लेयर निम्मा पारदर्शक करून आत्यांचे खांदे एकमेकांवर बसेपर्यंत सरकवा, मग पारदर्शकता पूर्ववत करून `Layer > Mask` मधून काळा मास्क लावा आणि तसंच रंगवा.

हे कुठे फसतं तेही सांगतो. फ्लॅश पूर्ण चार्ज झालेला नसेल तर एक फ्रेम दुसरीपेक्षा काळपट असते. जोडण्याआधी दोन्हींचा उजेड सारखा करून घ्या, नाहीतर एकच चेहरा उजळ किंवा मंद दिसतो. मान फिरलेली असेल तर गळ्यातल्या मंगळसूत्राची किंवा हाराची रेघ तुटते. जोड झाल्यावर आधी ती तपासा. आणि चष्मा असेल तर काचेवरची चमक बघा, कारण दोन फ्रेममध्ये ती वेगळ्या जागी असते. एका फोटोत दोनपेक्षा जास्त चेहरे बदलावे लागत असतील तर मी थांबतो आणि दुसरी फ्रेम मुख्य धरतो. तेवढी दुरुस्ती झाली की फोटो बेतलेला वाटू लागतो. ज्याचा चेहरा बदललाय त्या व्यक्तीला छापण्याआधी दाखवून विचारा. चेहरा त्यांचा आहे.

स्वतःला हे जमत नसेल तर फोटोग्राफरला नेमकं सांगा: "नऊ नंबर मुख्य, त्यात खुर्चीवरच्या उजवीकडच्या आत्यांचं डोकं आठ नंबरमधून." एवढं स्पष्ट सांगितलं तर काम थोड्या वेळाचं आहे. "यांचे डोळे उघडा" एवढंच सांगितलं तर ते कुठूनतरी डोळे आणून बसवतील.

सगळ्याच फ्रेम गेल्या तर, आणि पुढच्या वेळी

कधी एकही फ्रेम पहिली चाळणी पार करत नाही. मग एका फोटोचा हट्ट सोडून दोन शेजारी-शेजारी छापा: एक औपचारिक, जिच्यात आजोबा-आजी उत्तम आहेत, आणि एक जिच्यात मागची रांग पूर्ण दिसते. अल्बमच्या समोरासमोरच्या दोन पानांवर हे चांगलं दिसतं.

मुळात किती फोटो काढायला हवेत, याचा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी मांडला होता. त्याबद्दल त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा गमतीदार पुरस्कार, २००६ मध्ये मिळाला. त्यांनी धरलेले आकडे असे: फोटो काढून घेताना माणूस मिनिटाला साधारण दहा वेळा पापणी मिटतो आणि एक मिटणं पाव सेकंदाचं असतं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर माणसांच्या संख्येला चांगल्या उजेडात तीननं आणि कमी उजेडात दोननं भागा, तेवढे फोटो काढा, असा त्यांचा सोपा नियम. म्हणजे पंधरा जणांसाठी उन्हात पाच, हॉलच्या मंद दिव्यांत सात-आठ. त्यांचेच आकडे चोवीस जणांना लावले तर सगळ्यांचे डोळे उघडे असलेली फ्रेम साधारण तिनांतून एक मिळते. आपल्या नऊ फ्रेममध्ये अशा तीन निघाल्या, ते याच्याशी जुळतं. पण हा हिशेब फक्त डोळ्यांचा आहे. नजर आणि झाकलेपण त्यात नाही, म्हणून घरच्या मोठ्या ग्रुपला मी त्यापेक्षा थोडे जास्तच काढायला सांगतो.

हे फोटो एका दमात बर्स्टवर काढले तर फायदा होत नाही. पापणी पाव सेकंद खाली असते, आणि सेकंदाला दहा फोटो काढणारा कॅमेरा त्याच एका मिटण्याचे दोन-तीन फोटो घेतो. दोन-तीन सेकंदांच्या अंतरानं एकेक काढलेले जास्त कामी येतात, फ्लॅशलाही चार्ज व्हायला वेळ मिळतो.

एकच माणूस जवळजवळ प्रत्येक फोटोत डोळे मिटलेला येत असेल तर फ्लॅशवर संशय घ्या. ऑटो फ्लॅश मुख्य झोताआधी उजेड मोजायला एक छोटा झोत टाकतो. काहींची पापणी त्या पहिल्या झोतालाच खाली येते आणि खरा फोटो नेमका तेव्हा निघतो. फोटोग्राफरला फ्लॅश मॅन्युअलवर घ्यायला सांगा, म्हणजे तो आधीचा झोत जातो. रेड-आय कमी करणारी सोय चालू असेल तर तीही बंद करायला सांगा. फ्लॅशशिवायही हाच त्रास होत असेल तर सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, तीन म्हटल्यावर उघडायला सांगा आणि उघडल्यानंतर क्षणभर थांबून क्लिक करा.

झाकलेपणासाठी रांगा लागल्यावर मागच्यांना एकच प्रश्न विचारा: "कॅमेऱ्याची काच दोन्ही डोळ्यांनी दिसतेय का?" ज्याला एकाच डोळ्यानं दिसते त्याचा अर्धाच चेहरा फोटोत येणार. फेटेवाल्यांना शेवटच्या रांगेत किंवा टोकाला न्या, कॅमेरा स्टुलावरून डोक्यांच्या थोडा वर धरा, आणि मामांना सांगा की फोटोग्राफरचे फोटो झाले की त्यांच्यासाठी सगळे पुन्हा उभे राहतील.